एका रात्रीत गेलेला कान



प्रसिद्ध पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी 17 जून 2024 रोजी आपल्या चाहत्यांना एक वार्ता स्वतःच कळवली. काही आठवड्यांपूर्वी विमानातून उतरून बाहेर पडत असताना आपल्याला एकाएकी काहीच ऐकू येईनासे झाले. विषाणूच्या आघातामुळे श्रवणाच्या मज्जातंतूंना इजा होऊन हा दुर्मिळ बहिरेपणा आल्याचे निदान डॉक्टरांनी केले आहे, असे त्यांनी लिहिले होते. ज्या कानांच्या भरवशावर आयुष्यभर सूर लावले, ते कान काही क्षणांत दगा देतात, हे वाचून अनेकांना नवल वाटले. मला नवल वाटले नाही. कारण त्याच जातीचे दुखणे माझ्या उजव्या कानाने भोगले आहे. मी वैद्य नव्हे. उटनूर येथे मुलांना गणित आणि विज्ञान शिकवणारा शिक्षक आहे. परंतु या दुखण्यात मी जे दहा दिवस वाया घालवले, ते दुसऱ्या कोणी घालवू नयेत, एवढ्यासाठी आज बोलतो आहे.

पावसाळ्याचे दिवस होते. सकाळी जाग आली तेव्हा उजवा कान दडा बसल्यासारखा बंद वाटत होता आणि आत दूरवर शिट्टी वाजत असल्यासारखा एकसुरी आवाज येत होता. दुखणे नाही, ताप नाही, कान वाहत नाही. मी डाव्या कुशीवर होतो आणि पत्नी उशाशी उभी होती. "अहो, मघापासून हाका मारते आहे!" असे ती म्हणाली तेव्हा माझ्या ध्यानात आले, की माझा चांगला कान उशीत दडला होता आणि मोकळा कान काही ऐकतच नव्हता. थोड्या वेळाने दूरध्वनी आला. यंत्र उजव्या कानाला लावले तर पलीकडचा माणूस पिंपात तोंड घालून बोलतो आहे असे वाटे. डाव्या कानाला लावले तर शब्द न् शब्द स्पष्ट.

आता अशा वेळी सामान्य माणूस काय समजतो? पडसे असेल, कानात मळ असेल, पाणी गेले असेल. मीही तेच समजलो. घरात कोमट तेल घातले. बाजारातील एका औषधविक्रेत्याने मळ मऊ करण्याचे थेंब दिले, ते पाच दिवस घातले. एकाने वाफ घेण्यास सांगितले, तीही घेतली. दररोज वाटे, उद्या कान उघडेल. या दुखण्याचे कपट नेमके येथे आहे. आतला मज्जातंतू निकामी होऊ लागला, तरी माणसाला जाणीव होते ती कान 'बंद' झाल्याची. बंद दार आणि रिकामे घर यांतला फरक बाहेरून कळत नाही.

हा फरक समजण्यासाठी कानाची रचना थोडी पाहू. आवाज कानाच्या वाटेने आत येतो, पडद्यावर आदळतो, पडद्यामागची तीन इवलीशी हाडे तो पुढे ढकलतात. येथवर सगळा प्रवास यांत्रिक आहे. मळ, पाणी, पडद्याचे छिद्र, पडशाने भरलेला मधला कान, हे सारे अडथळे या वाटेवरचे. त्यापुढे शंखाच्या वेटोळ्यासारखा अंतर्कर्ण आहे. त्यात द्रव भरलेला असतो आणि सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. द्रवाची हालचाल या पेशी विजेच्या संदेशात रूपांतरित करतात आणि श्रवणाचा मज्जातंतू तो संदेश मेंदूकडे नेतो. येथे बिघाड झाला तर बाहेरची वाट कितीही स्वच्छ केली तरी उपयोग नाही. पहिल्या प्रकारात वाट अडते. दुसऱ्या प्रकारात ऐकणाराच नाहीसा होतो.

हे दोन प्रकार ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे आणि ती करण्यास कवडीही लागत नाही. आपण सर्वांनी आता एक करून पाहावे. ओठ मिटून 'म्' असा लांब हुंकार काढावा आणि मग एका कानात बोट घट्ट घालावे. हुंकार त्याच, बंद केलेल्या कानात मोठा घुमू लागेल. कारण हा आवाज कवटीच्या हाडांतून थेट आत पोहोचतो. बाहेरचा गोंगाट अडल्यामुळे आणि आतला आवाज बाहेर निसटू न शकल्यामुळे बंद कानात तो अधिक ठळक होतो. म्हणून कान मळाने किंवा पडशाने बंद झाला असेल, तर हुंकार बिघडलेल्या कानाकडे झुकतो. याउलट, आतल्या पेशी किंवा मज्जातंतू निकामी झाले असतील, तर हाडांतून आलेला आवाजही तेथे कोणी ऐकत नाही आणि हुंकार चांगल्या कानाकडे झुकतो.

दहाव्या दिवशी वर्गात ध्वनी हा धडा चालला होता. नादकाटा हातात होता. सेकंदाला 512 कंपने देणारा, प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा. तो टेबलाच्या कडेवर नव्हे, हाताच्या तळव्याच्या मांसल भागावर वाजवून मी मुलांना ऐकवला आणि सहज त्याचा दांडा स्वतःच्या कपाळाच्या मध्यभागी टेकवला. आवाज पुरता डाव्या कानात गेला. उजवीकडे काही नाही. विज्ञानाच्या शिक्षकाला याचा अर्थ कळावयास हवा होता, आणि तो त्या क्षणी कळला. मळ असता तर आवाज उजवीकडे गेला असता. दहा दिवस मी बंद नसलेल्या दारावर तेल ओतीत होतो!

त्याच दुपारी मी बसने इंद्रवेल्ली, गुडिहत्नूर या मार्गाने आदिलाबादला गेलो. उटनूरहून हे अंतर पन्नास किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. म्हणजे ज्या उपचारासाठी मी दहा दिवस लावले, तो दोन तासांच्या वाटेवर होता. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहिले. वाट स्वच्छ, पडदा निरोगी. त्यांनी प्रथम विचारले ते असे: "गुरुजी, किती दिवस झाले?" दहा म्हणताच त्यांनी ओठ चावला आणि लगेच श्रवणचाचणी करवली. या चाचणीत निरनिराळ्या उंचीचे स्वर निरनिराळ्या मोठेपणाने ऐकवतात आणि कोणता स्वर किती मोठा केल्यावर ऐकू आला, याचा आलेख काढतात. माझ्या डाव्या कानाला 15 डेसिबलचा मंद स्वर पुरत होता. उजव्या कानाला खालचे स्वर 50 डेसिबलला आणि वरचे 70 डेसिबलला ऐकू आले. साधे संभाषण सुमारे 60 डेसिबलचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे माझा कान कोठे होता ते समजेल.

तीन दिवसांच्या आत, एकमेकांलगतच्या तीन स्वरपट्ट्यांत, 30 डेसिबल किंवा त्याहून अधिक श्रवण गेले आणि बिघाड आतल्या कानात असला, म्हणजे या दुखण्याची व्याख्या पुरी होते. दहांपैकी जवळजवळ नऊ रुग्णांत कारण सापडतच नाही. विषाणू, अंतर्कर्णाच्या रक्तपुरवठ्यातील अडथळा, शरीराच्या संरक्षकशक्तीने स्वतःच्याच पेशींवर केलेला हल्ला, अशी अनुमाने आहेत. परंतु जिवंत माणसाचा अंतर्कर्ण उघडून पाहता येत नाही, म्हणून ती अनुमानेच राहतात.

मग कारणच ठाऊक नसता औषध कशाच्या आधारावर देतात? हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला आणि त्यांनी दिलेले उत्तर मला गणितातल्या सिद्धतेपेक्षाही अधिक शिकवून गेले.

कारण कोणतेही असो, अंतर्कर्णात होणाऱ्या हानीचा बराचसा भाग दाह आणि सूज यांचा असतो. हा अवयव वाटाण्याएवढा, दगडासारख्या कठीण हाडात कोंडलेला. त्याला रक्त पुरवणारी धमनी एकच आणि तिला पर्यायी वाट नाही. त्याच्या भिंतीवर रक्तवाहिन्यांनी गजबजलेली एक पट्टी आहे. तीच आतल्या द्रवातील क्षारांचे प्रमाण राखते आणि केशपेशींना चालवणारा सुमारे 80 मिलिव्होल्टचा विद्युतदाब निर्माण करते. ही पट्टी थकली, की केशपेशी जिवंत असूनही मुक्या होतात. मुकी पेशी पुन्हा बोलू शकते. मेलेली बोलू शकत नाही. पक्ष्यांच्या कानात केशपेशी नव्याने उगवतात, माणसाच्या कानात त्या उगवत नाहीत. तेव्हा सारा खेळ मुकेपणा आणि मृत्यू यांच्यामधल्या काही दिवसांचा आहे. स्टेरॉइड हे दाह शमवणारे औषध. त्याला ग्रहण करणारी केंद्रे अंतर्कर्णात आहेत, आणि त्या पट्टीचे क्षार राखण्याचे काम ते सुधारते असे प्रयोगशाळेतील उंदरांवर दिसले आहे. मेलेल्या पेशी ते उठवीत नाही. मुक्या झालेल्या पेशी मरण्याआधी पोहोचले, तरच त्याचा उपयोग.

हे झाले तर्काचे. प्रत्यक्ष पुरावा काय सांगतो? 1980 साली अमेरिकेत विल्सन, बिल आणि लेर्ड यांनी साठ-सत्तर रुग्णांवर प्रयोग केला. काहींना स्टेरॉइड दिले, काहींना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. कोणाला काय मिळाले ते रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकी शेकडा 61 जण सुधारले, पोकळ गोळ्यांवर शेकडा 32. आज जगभर जो उपचार चालतो त्याचा पाया बव्हंशी या एका लहान प्रयोगावर आहे. पुढील प्रयोगांनी त्याला एकमुखाने पाठिंबा दिलेला नाही. 2013 साली कॉक्रेन या संस्थेने अशा प्रयोगांचा आढावा घेतला तेव्हा स्टेरॉइडचा लाभ निश्चित सिद्ध झालेला नाही, असाच निष्कर्ष निघाला.

येथे आणखी एक मेख आहे, ती मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. काहीही औषध न घेता या दुखण्यातून एक तृतीयांशापासून दोन तृतीयांशांपर्यंत रुग्ण बऱ्याच अंशी आपोआप सुधारतात, आणि ही सुधारणा बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच होते. मग जे रुग्ण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले, त्यांच्यात आपोआप बरे होणारेही सामील असतात. जे महिन्याने गेले, ते न सुधारलेलेच उरलेले असतात. म्हणून 'लवकर गेलेले अधिक बरे झाले' या नुसत्या निरीक्षणातून औषध लवकर दिल्याचाच हा प्रताप, असे म्हणता येत नाही.

मग घाई कशासाठी? डॉक्टरांचे म्हणणे असे होते. पहिल्या दिवशी आपल्यासमोर बसलेला रुग्ण आपोआप बरा होणाऱ्यांपैकी आहे की न होणाऱ्यांपैकी, हे सांगण्याचे साधन कोणापाशी नाही. वाट पाहिली तर ते कळेल. पण कळेपर्यंत औषधाची वेळ टळून गेलेली असेल. उलट, अल्पकाळ घेतलेल्या स्टेरॉइडचे धोके ठाऊक आहेत, बहुतेकांच्या बाबतीत सौम्य आहेत आणि त्यांवर लक्ष ठेवता येते. एका पारड्यात कायमचा बहिरा कान आणि दुसऱ्या पारड्यात दोन-तीन आठवड्यांची गोळी. औषध खात्रीचे आहे म्हणून घाई नाही; निर्णय पुढे ढकलण्याची सवड नाही म्हणून घाई आहे. अमेरिकेतील कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांच्या 2019 च्या मार्गदर्शिकेतही स्टेरॉइड सक्तीचे म्हटलेले नाही. देता येईल, आणि द्यावयाचे तर पहिल्या दोन आठवड्यांत द्यावे, असे म्हटले आहे.

प्रमाण वजनाप्रमाणे ठरते: किलोमागे 1 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, परंतु दिवसाला 60 मिलिग्रॅमच्या वर नाही. माझे वजन 64 किलो, म्हणून मला 60 मिलिग्रॅम, सकाळी न्याहारीनंतर एकदम. ही मात्रा दहा दिवस, आणि नंतर दररोज दहा-दहाने उतरवीत पाच दिवसांत बंद. एकदम थांबवावयाचे नाही, कारण बाहेरून औषध मिळू लागले की शरीर स्वतःचे रस तयार करण्याचे काम मंदावते आणि ते पुन्हा सुरू होण्यास अवधी द्यावा लागतो. मात्रा वाढवल्याने गुण वाढतो असेही नाही. जर्मनीत तीनशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि 2024 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कितीतरी पटींनी मोठी मात्रा देऊन पाहिली. ऐकू येण्यात अधिक लाभ झाला नाही, अपाय मात्र वाढले.

अपाय कोणते? रक्तातील साखर चढते, रक्तदाब वाढतो, झोप उडते, पोटात आग पडते, मन चिडखोर होते. मला रात्री दोन वाजता वह्या तपासाव्याशा वाटत! मधुमेह असणाऱ्याने हे डॉक्टरांना आधीच सांगितले पाहिजे. शरीरात दबून बसलेला क्षय स्टेरॉइडने उसळू शकतो, म्हणून जुना खोकला आणि उतरलेले वजन यांची चौकशी करतात. या कारणांमुळे हे औषध दुकानातून परस्पर आणून घेणे म्हणजे एक संकट टाळण्यास दुसरे ओढवून घेणे होय. ज्यांना गोळी सोसत नाही, त्यांना तेच औषध पडद्यातून बारीक सुईने मधल्या कानात देता येते. 2011 साली 250 रुग्णांवर तुलना झाली तेव्हा दोन्ही मार्गांनी श्रवण जवळजवळ सारखेच, सुमारे 30 डेसिबल, सुधारले. गोळ्यांनी पुरता गुण न आल्यास दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यानही हा मार्ग वापरतात.

माझ्या बाबतीत तसेच झाले. गोळ्या संपल्या तेव्हा खालचे स्वर 25 डेसिबलवर आले, वरचे 55 वर अडले. चौथ्या आठवड्यापासून नागपूरला आठवड्याला एक, अशी तीन इंजेक्शने कानात घेतली. पडदा औषधाने बधिर करतात. मग सुई टोचल्यावर बिघडलेला कान वर करून अर्धा तास पडून राहावयाचे आणि त्या वेळात बोलावयाचे नाही, गिळावयाचेही नाही, म्हणजे औषध घशाकडे वाहून जात नाही. त्यानंतर वरचे स्वर आणखी पाचच डेसिबल सुधारले आणि तेथेच थांबले. मेंदूचे चुंबकीय छायाचित्रही काढले, कारण क्वचित श्रवणाच्या मज्जातंतूवर वाढलेली गाठ प्रथम याच रूपाने प्रकट होते. माझ्या छायाचित्रात तसे काही नव्हते.

आज मला पुरुषांचे बोलणे ठीक ऐकू येते. लहान मुलांचे बारीक स्वर, 'स' आणि 'श', उजवीकडून नीट येत नाहीत. वर्गात कोणी "सर" म्हटले तर आवाज कोणत्या बाकावरून आला हे कळत नाही, कारण दिशा ओळखण्यासाठी दोन्ही कान लागतात. मुलांना आता सवय झाली आहे; ती हात वर करून उभी राहतात. तिसऱ्या दिवशी गेलो असतो तर हे टळले असते काय? प्रामाणिक उत्तर असे, की ते मला कोणीही सांगू शकत नाही. एवढे मात्र खरे, की ती संधी मी आजमावलीच नाही. ती तेलात आणि थेंबांत गेली.

शेवटी, ऐकणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे? एक कान एकाएकी, तासाभरात किंवा रात्रीतून, मंद झाला तर दूरध्वनी आळीपाळीने दोन्ही कानांना लावून पाहावा आणि ओठ मिटून हुंकार काढावा. हुंकार चांगल्या कानाकडे गेला तर त्याच दिवशी निघावे. परीक्षा संदिग्ध वाटली तरीही निघावे. ती निदान नव्हे, केवळ इशारा आहे, आणि खरा निवाडा श्रवणचाचणीच करते. कानात तेल, पाणी, काडी काही घालू नये. आमच्या भागातल्यांसाठी आदिलाबादला राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय आहे. तेथे खिडकीवर नुसते 'कान दडला आहे' असे सांगू नये, कारण असे सांगणारे रोज शंभर येतात. 'अमुक दिवशी, अमुक वेळी, एका कानाचे ऐकणे अचानक गेले' असे सांगावे. या एका वाक्याने पुढची घाई आपोआप होते. आणि बहिरेपणासोबत चेहरा वाकडा होणे, वस्तू दोन दिसणे, बोलणे अडखळणे, हातपाय लुळे पडणे किंवा उभे राहता न येण्याइतकी भोवळ असे काही असेल, तर कानाच्या डॉक्टरांची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात जावे; तो मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा प्रश्न असू शकतो आणि तेथे दिवस नव्हे, तास मोजतात.

मळ असेल तर डॉक्टर तो पाच मिनिटांत काढून तुम्हांला हसत घरी पाठवतील. त्या फेरीत एक दिवसाची मजुरी आणि बसचे भाडे जाईल. माझी ती फेरी दहा दिवस उशिरा झाली, आणि तिची किंमत मी अजून, प्रत्येक तासाला वर्गात उभा राहून, देतो आहे.